गादी: त्याला कडक, मला मऊ आणि पलंग एकच (कोल्हापूर)

रंकाळ्याची_पोर

नमस्कार मंडळी, गादी घ्यायचीय आणि डोकं पार आउट झालंय म्हणून इथं विचारते. लग्नाला नऊ वर्षं झाली, गादी लग्नातलीच आहे, स्प्रिंगची, ७२ बाय ६०. फुलेवाडीला फ्लॅट, बेडरूम १० बाय ११ फूट.

आता आमचं दोघांचं सांगते. नवरा शिरोलीला फौंड्रीत, महिन्यातले पंधरा दिवस सेकंड शिफ्ट, घरी यायला रात्रीचे सव्वाबारा साडेबारा होतात. वजन ९२, उंची पाच अकरा, पाठीवर पडतो आणि हातपाय असे पसरतो की मी कडेला चादरीच्या शिवणीवर. मी ५२ किलो, शाळेत शिकवते, सव्वापाचला उठायचं असतं, कुशीवरच झोप लागते आणि झोप म्हणजे काय, पाल चुकचुकली तरी जाग येते. तो येऊन पलंगावर बसला की मी जागी, मग तासभर नुसती छताकडं बघत.

दुसरं म्हणजे रात्री मी आपोआप त्याच्या बाजूला घसरते, सकाळी कंबर वाकडी. त्याची तक्रार उलटी, पाय बाहेर लोंबतात आणि गादी मऊ पडलीय म्हणून पाठ दुखते.

राजारामपुरीत दोन दुकानं फिरलो. पहिला म्हणाला ऑर्थो घ्या डोळे झाकून, दुसरा म्हणाला मेमरी फोम घ्या डोळे झाकून. भावाकडं ऑर्थोवर चार रात्री झोपून आलेय, डावा हात सकाळी मेलेला असायचा, मुंग्याच मुंग्या. बजेट ४० हजार, त्यात पलंगाचं काय करायचं असेल तर तेही आलं. कडक घ्यायची का मऊ, आणि साईज काय?

तांबडा_पांढरा

घोंगडं टाका आणि जमिनीवर झोपा, दोघांचे प्रश्न एका रात्रीत संपतील. पाय लोंबायचा विषयच नाही, जमीन कुठंच संपत नाही 😄

पैलवान_गल्ली

ताई उगा चर्चा नको, कडकच घ्या. माझ्या पाठीला डॉक्टरनी कडक सांगितलेली, ऑर्थो घेतली, आज सहा वर्षं झाली नाद खुळा आहे. हात मुंग्या येतात म्हणजे सवय नाही, पंधरा दिवसात शरीर जुळवून घेतंय. फक्त एक बघा, फोम ४० डेन्सिटीचा घ्या, ३२ चा घेऊ नका, ३२ मऊ असतो आणि ४० कडक असतो. मेमरी फोमच्या नादाला लागू नका, एप्रिलात भाजून निघाल.

कळंब्याची_अक्का

मी सांगतो ऐक, नवरा साडेबाराला येणार, त्याला हॉलमध्ये दिवाण टाक एक. माझे मालक साखर कारखान्यात होते, सीझनला तीन पाळ्या, मी वीस वर्षं हेच केलं. आणि गादी कापसाची करून घे, वर्षाआड उसवून पिंजून घेतली की परत नवी. आमच्या वेळी पिंजारी दारात यायचा, धनुकलीचा टणटण आवाज आला की पोरं गोळा. आता गादीच्या कारखान्यात नेऊन द्यावी लागती.

रंकाळ्याची_पोर

अक्का, हॉलमध्ये सासूबाई झोपतात 🙂 आणि वेगळं झोपायचं नाहीये म्हणून तर धागा काढला.

शाहूपुरीचा_फोमवाला

मी फोम कटिंगच्या लाईनमध्ये होतो, बावीस वर्षं गाद्या करून दिल्यात, आता दुकान पुतण्याकडं आहे, त्यामुळं मला काही विकायचं नाही. जरा सविस्तर लिहितो.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगवेगळ्या तक्रारी एका गादीवर ढकलल्यात. तो आला की जाग येते ही एक, तुम्ही घसरता ही दुसरी, आणि त्याला मऊ वाटते ती गादी तुम्हाला कडक वाटते ही तिसरी. ह्यांची कारणं वेगळी आहेत, म्हणून दुकानदार एक शब्द सांगून मोकळा होतो तेव्हा तो नेमकं एकाच तक्रारीला उत्तर देत असतो.

आधी खरेदीला जाऊच नका. दोन गोष्टी घरी करा. पहिली, चादर काढा, गादीवर कुणी नको, आणि एक सुतळी ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवी ताणून धरा, कमरेच्या रेषेत. मग पट्टी उभी धरून सुतळीपासून गादी किती खाली गेलीय ते दोघांच्या बाजूला मोजा. दुसरी, गादी पलंगावरनं उतरवून सरळ फरशीवर टाका आणि तीन रात्री तशाच झोपा, त्याची सेकंड शिफ्ट चालू असताना. जाग येते का बघा. मग बोलू.

पैलवान_गल्ली

फरशीवर झोपा म्हणजे तांबडा पांढरा बरोबर होता की ओ 😂

रंकाळ्याची_पोर

(चार दिवसांनी) केलं सगळं. सुतळी धरायला मुलाला घेतलं, त्याला वाटलं पतंगाचं काहीतरी चाललंय.

मापं: नवऱ्याच्या बाजूला साधारण साडेतीन सेंटिमीटर खड्डा, माझ्या बाजूला जेमतेम एक, आणि मधे उंचवटा नाही तर सरळ त्याच्याकडं उतार. म्हणजे मी घसरते ते मनाचे खेळ नव्हते.

फरशीचं मात्र गंमत झाली. पहिल्या रात्री तो आला, बसला, मला हलल्यासारखं कळलं पण मी परत झोपले. दुसऱ्या रात्री तेच. तिसऱ्या रात्री तो कधी आला ते कळलंच नाही. गादी तीच आहे की हो, मग?

शाहूपुरीचा_फोमवाला

मग अर्धा गुन्हेगार पलंग आहे. प्लायचा बॉक्स पलंग असणार, नऊ वर्षांत खिळे आणि बोल्ट ढिले होतात, ९२ किलो कडेला बसले की फळी खालच्या पट्टीवर घासून करकरते. तो आवाज थेट तुमच्या उशीखाली येतो. तुम्हाला वाटतं गादी हलली, पण जाग आवाजानं येते. हे बघितल्याशिवाय लोक तीस हजाराची गादी आणतात आणि महिन्याभरानं म्हणतात फरक नाही. सुताराकडनं बोल्ट आवळून घ्या, फळी आणि पट्टीच्या मधे जुन्या ट्यूबची पट्टी किंवा फेल्ट चिकटवा.

उरलेली अर्धी जाग स्प्रिंगची. जुन्या पद्धतीच्या स्प्रिंग गादीत सगळ्या स्प्रिंगा वरून तारेनं एकमेकींना बांधलेल्या असतात, एक दाबली की शेजारच्या चारपाच खाली जातात. पॉकेट स्प्रिंगमध्ये प्रत्येकीला कापडाची वेगळी पिशवी, म्हणून ती एकटीच दबते. दुकानात फाडून बघता येत नाही, पण तळहात जोरात दाबा आणि बघा खड्डा हाताएवढाच पडतोय का परातीएवढा. परातीएवढा पडला तर बांधलेल्या. फोम आणि लेटेक्समध्ये हा त्रास मुळातच कमी.

पण खरा विषय तिसरा आहे, वजनाचा. पैलवानसाहेब, तुमचं चुकतंय असं नाही म्हणणार, तुमच्या पाठीला ऑर्थो बरी वाटते कारण तुम्ही पैलवान आहात 🙂 गादी कडक का मऊ हे गादीवर लिहिलेलं नसतं, ती कोणाखाली आहे त्यावर ठरतं. ९२ किलोचा माणूस पाठीवर झोपला की ऑर्थोच्या रिबॉन्डेड थरात, म्हणजे दाबलेल्या फोमच्या चुऱ्यात, बोटभर रुततो, त्याला ती मध्यम लागते. ५२ किलोची बाई त्याच गादीवर कुशीवर झोपली की ती रुततच नाही. कुशीवर सगळं वजन खांदा आणि कुल्ला दोनच ठिकाणी येतं, ते खाली गेले नाहीत तर खांदा चेपतो, हाताला मुंग्या. पंधरा दिवसात सवय झाली तर ती मुंग्यांची सवय होईल.

आता उलट करा, तिला बरी वाटेल अशी मऊ आणली तर ह्याचा कुल्ला पहिल्याच वर्षी खाली आणि परत उतार. म्हणून दोघांच्या मधली घ्या हा सल्ला तुमच्या बाबतीत बसत नाही. ६० आणि ७० किलोचं जोडपं असतं तर मीच म्हणालो असतो एक मध्यम घ्या. ४० किलोचा फरक, वर एक पाठीवर आणि एक कुशीवर, इथं गाद्या दोन.

पैलवान_गल्ली

मान्य की वजनाचं. पण ४० डेन्सिटी कडक असते हे तर खरं आहे ना, माझ्या गादीवर छापलंय.

शाहूपुरीचा_फोमवाला

छापलंय ते खरं असेल, अर्थ वेगळा आहे. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन किती किलो एवढंच. त्यात माल किती आहे ते कळतं, म्हणजे किती वर्षं टिकेल त्याचा अंदाज. कडकपणा फोम बनवताना वेगळा ठरवतात. ४० चा मऊसूत फोम मिळतो आणि ३२ चा टणक पण मिळतो. फसवणूक इथंच होते, हलका टणक फोम दुकानात हाताला झकास लागतो आणि दोन वर्षांत बसतो.

तपासायचं कसं सांगतो. दुकानात सॅम्पलचे तुकडे असतात. एक फूट बाय एक फूट, चार इंच जाड असा तुकडा मागा आणि वजन करा. ४० चा असेल तर ३८० ग्रॅमच्या आसपास भरतो, ३२ चा ३०० च्या आसपास. २५० भरला तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर या. फक्त साधा फोम मोजताना हे चालतं, रिबॉन्डेड हा कातरणाचा चुरा दाबून चिकटवलेला असतो, तो दुपटीहून जास्त जड असतो, त्याच्याशी तुलना करू नका.

तांबडा_पांढरा

म्हणजे काटा घेऊन फिरायचं. गुजरीत सोनं मोजतात तसं आता फोम मोजायचा, कोल्हापूर जगात भारी.

सांगलीचा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कडकचा विषय निघाला म्हणून थोडं. पाठ दुखते तर कडक झोपा हे आम्ही पण पूर्वी सरसकट सांगायचो. २००३ मध्ये लॅन्सेटला स्पेनमधला एक अभ्यास आला, जुनाट कंबरदुखीचे ३१३ पेशंट, निम्म्यांना कडक आणि निम्म्यांना मध्यम कडक गादी, ९० दिवसांनी मध्यम कडकवाले जास्त बरे निघाले. म्हणजे कडक विरुद्ध मऊ असा निकाल नव्हता, कडक विरुद्ध मध्यम कडक असा होता. ह्यावरून कुणी पिसासारखी गादी घेऊ नये. आणि प्रत्येकाच्या अंगाला काय बसतं हे त्यातून कळत नाही, ते अंग टाकूनच बघावं लागतं.

ताई, दुकानात दोन मिनिटं बसून उठायचं नाही. चप्पल काढा, आपल्या नेहमीच्या बाजूला निदान दहा पंधरा मिनिटं पडा. त्यांनी पाठीवर पडायचं, तुम्ही हात त्यांच्या कमरेखाली घालून बघा. हात आरपार सहज गेला आणि खाली पोकळी राहिली तर गादी जास्त कडक, हात घुसतच नसेल तर जास्त मऊ, थोडं घासून गेला तर ठीक. तुम्ही कुशीवर पडा आणि त्यांना मागून पाठीचा फोटो काढायला सांगा, मानेपासून माकडहाडापर्यंत रेघ सरळ दिसली पाहिजे. मधे वर कमान आली किंवा झोळीसारखी खाली गेली तर ती गादी तुमची नाही. स्वतःची उशी घरून घेऊन जा. कुशीवाल्याला उशी उंच लागते, पण मऊ गादीत खांदा खाली गेला की तीच उशी जास्त उंच होते, मग मान दुखते आणि लोक गादीला शिव्या देतात.

रंकाळ्याची_पोर

उशी घेऊन राजारामपुरीत फिरू? विद्यार्थ्यांचे पालक भेटतात हो तिथं 😅

बरं, दोन गाद्यांचं पटलं पण आमचा पलंग ७२ बाय ६० चा. म्हणजे ३० ची एक एक?

शाहूपुरीचा_फोमवाला

नको. ३० इंच म्हणजे अडीच फूट, पाळण्यातल्या बाळाची गादी साधारण २८ ची असते. तुमचा नवरा ३० वर हातपाय पसरूच शकत नाही, मग तो तुमच्या गादीवर येणार आणि सगळं मुसळ केरात. दोन गाद्या करायच्या तर पलंग ७२ रुंद पाहिजे, म्हणजे ३६ च्या दोन. पाच फुटीचा पलंगच ठेवायचा असेल तर मग एक गादी, आणि तुमच्या अर्ध्यावर दोन इंचाचा मऊ टॉपर. ते स्वस्तातलं काम आहे पण मधे पायरी लागते, आणि त्याच्या खड्ड्याचं काही होत नाही.

लांबी पण बघा. तो पाच अकरा म्हणजे ७१ इंच, गादी ७२. उशी डोक्याच्या टोकापासून चार इंच खाली सरकली की पाय बाहेर. त्याला ७५ किंवा ७८ पाहिजे. ७८ बाय ७२ हे बाजारातलं चालू माप आहे, आणि ७८ बाय ३६ पण तयार मिळतं.

विटा_आणि_वाळू

मी इंटेरियरची कामं करतो, पलंग वाढवायच्या आधी खोलीचं बघा. १० बाय ११ म्हणजे १२० बाय १३२ इंच. ७२ रुंद गादीचा पलंग चौकटीसकट ७५ होतो, १२० मधनं गेले, राहिले ४५. दोन्ही बाजूला साडेबावीस. साडेबारा वाजता येणारा माणूस आणि सव्वापाचला उठणारी बाई, दोघांना आपापल्या बाजूनं उतरता आलं पाहिजे, त्यामुळं भिंतीला चिकटवू नका, नाहीतर एकजण दुसऱ्यावरनं उड्या मारणार.

लांबीत ७८ ची गादी, डोक्याची फळी, पायाची पट्टी धरून ८३ धरा. समोर कपाट आहे का आणि त्याची दारं उघडायची का सरकायची? कपाट दोन फूट खोल असेल तर १३२ मधनं २४ आणि ८३ गेले, राहिले २५ इंच. १८ इंची दार उघडेल पण दार उघडलं की माणूस कुठं उभा राहणार ते बघा. पोरांच्या खडूनं फरशीवर पलंग आखा आणि दोन दिवस त्या रेघांच्या बाहेरनं चाला. आखलेल्या रेघेवर सारखा पाय पडायला लागला तर पलंग मोठा.

रंकाळ्याची_पोर

कपाट समोरच आहे, उघडायची दारं. आखलं. ७८ ला कपाटाच्या कोपऱ्यात माझी मांडी तीनदा आपटली, ७५ ला नीट जाते. मुलानं रेघांच्या आत गोट्या खेळायला सुरुवात केलीय.

शाहूपुरीचा_फोमवाला

मग ७५ बाय ७२ करा. ७१ इंचाच्या माणसाला चार इंच उरतात, चालतंय.

उचगावचा_बाप

थांबा थांबा, दोन गाद्यांचं माझ्याकडनं ऐका. आम्ही घेतल्या दोन ३६ च्या, अगदी हौसेनं. पहिल्या महिन्यात मधे फट पडली, पोरगं दोघांच्या मधे झोपतं ते बरोबर फटीत. मोबाईल फटीत, चष्मा फटीत, एकदा गजरवाला मोबाईल फटीत वाजत राहिला आणि सगळं घर उठलं. परत एक गादी घेतली शेवटी. त्यामुळं माझं मत विरोधात.

शाहूपुरीचा_फोमवाला

तुमच्या पलंगाचं आतलं माप किती होतं?

उचगावचा_बाप

सहा बाय सहाचा होता की. मोजलं नव्हतं. थांबा... आतून ७३ आणि थोडं वर भरतंय.

शाहूपुरीचा_फोमवाला

तिथंच फट आली. ३६ दुणे ७२, पलंग आतून ७३, ती एक इंच जागा गाद्या सरकून सरकून मधेच आणून ठेवतात. पलंग सांगताना लोक बाहेरचं माप सांगतात किंवा सुताराचं तोंडी माप. गाद्या आधी घ्या, त्या जोडून ठेवून टेप लावा, मग पलंगाची चौकट त्याला धरून करा. अर्धा इंच कमी चालेल, फोम दबतो, पण जास्त नको. त्याहून कमी केलं तर मधे कमान येते.

आणि तीन गोष्टी. दोन्हीची जाडी एकच, आतलं काही का असेना, नाहीतर पायरी. कडा चौकोनी शिवायला सांगा, गोल कडा असल्या की गाद्या चिकटून असल्या तरी मधे नाली दिसते. आणि खाली रबरी जाळीची मॅट टाका, घसरत नाहीत. एवढं करून पण मधली रेघ अंगाला थोडी कळणारच, ती अजिबात कळणार नाही असं कुणी सांगितलं तर ते विकायचं बोलणं. तुमचं पोरगं मधे झोपत असेल तर मी पण दोन सांगणार नाही, तिथं तुमचं बरोबर आहे.

कळंब्याची_अक्का

दोन गाद्या म्हणल्यावर सासू काय म्हणती ते सांग आधी.

रंकाळ्याची_पोर

"भांडण झालंय काय?" हेच 😐 मी म्हणलं चादर एकच आहे आई.

आतलं काय घेऊ ते सांगा आता काका.

शाहूपुरीचा_फोमवाला

मी केली असती तर अशी. दोन्ही सहा इंची. त्याच्यात खाली दोन इंच रिबॉन्डेड, वर चार इंच ४० डेन्सिटीचा जरा टणक फोम. रिबॉन्डेड खाली असल्यामुळं त्याचा कुल्ला फळीला लागणार नाही आणि वरचा फोम कमरेची पोकळी भरेल. पूर्ण सहा इंच रिबॉन्डेड नको, ती फरशीच होते.

तुमच्यात खाली चार इंच ४० चा मध्यम फोम, वर दोन इंच मऊ थर. तो लेटेक्सचा का मेमरी फोमचा ह्यावर माझं आणि पुतण्याचं भांडण आहे. लेटेक्स लगेच परत वर येतं, कूस बदलायला सोपं, भोकं असल्यामुळं वारा खेळतो, पण महाग आणि जड. मेमरी फोम खांद्याला छान सामावतो, पण तो उष्णतेवर चालतो, डिसेंबरात पहाटे दगडासारखा आणि एप्रिलात लोण्यासारखा. मी लेटेक्स म्हणतो. पुतण्या म्हणतो ५२ किलोला लेटेक्सची उसळी जास्त होते.

सांगलीचा_फिजिओ

पुतण्याचं अगदीच चूक नाही. हलक्या वजनाला काही लेटेक्स ढकलल्यासारखं वाटतं. दोन्हीवर कुशीवर पडून खांद्याला विचारा.

पैलवान_गल्ली

ऑनलाईन घ्या ना, १०० रात्रींची ट्रायल देतात, नाही आवडली तर परत.

शाहूपुरीचा_फोमवाला

चांगली सोय आहे, पण बारीक अक्षरं वाचा. बऱ्याच ठिकाणी ऑर्डरप्रमाणं कापलेलं माप परत घेत नाहीत, म्हणून ७५ बाय ३६ त्यांच्या ठरलेल्या यादीत आहे का बघायचं. डाग पडला तरी नाही घेत. आणि खड्ड्याची वॉरंटी किती खोलीपासून लागू ते कार्डावर लिहिलेलं असतं, सुतळी आणि पट्टी सांभाळून ठेवा.

पावसाचं राहिलं. आपल्याकडं जून ते सप्टेंबर बंद बॉक्सच्या प्लायवर फोम ठेवला की खालून ओल धरतो, कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. सुताराला फळीत वीतभर अंतरावर इंचाची भोकं पाडायला सांगा आणि पंधरा दिवसातनं एकदा गाद्या उभ्या करा. थरांच्या गाद्या उलट्या करायच्या नसतात, फक्त डोक्याची बाजू पायाला. ३६ ची असल्यामुळं ते काम एकट्या बाईला जमतं, ७२ ची अखंड गादी हलवायला शेजारी बोलवावे लागतात.

रंकाळ्याची_पोर

(सहा आठवड्यांनी) झालं मंडळी. शाहूपुरीत करून घेतल्या, ७५ बाय ३६ च्या दोन. त्याच्यासाठी काकांनी सांगितली तशीच. फोमचा तुकडा खरंच वजन केला, ३७० भरला, दुकानदार म्हणाला मॅडम सायन्सच्या टीचर का. मराठी शिकवते म्हणलं.

माझ्या वरच्या थराला लेटेक्सवर पंधरा मिनिटं पडले, मग मेमरीवर. लेटेक्सवर खांदा पूर्ण खाली जात नव्हता, पुतण्या जिंकला. मी तिसरंच घेतलं, दोन इंच मऊ साधा फोम, ४० चाच. स्वस्त पडला आणि फोटोत पाठ सरळ आली. टिकेल किती ते बघायचं. जुन्या पलंगाची चौकट सुतारानं वाढवली, आतून पावणेबहात्तर ठेवलीय, भोकं पाडली, फळीखाली ट्यूबची पट्टी.

घसरणं बंद. हाताच्या मुंग्या गेल्या. नवऱ्याचे पाय पलंगावर असतात, पाठ पंधरा दिवस उलट जास्त दुखली आणि आता बरी आहे. मधली रेघ कळते, मी तिच्यावर येतच नाही, तो येतो आणि म्हणतो कळत नाही. तो साडेबाराला येतो तेव्हा आठवड्यातनं एकदोनदा अजून जाग येते. पण ती आता पलंगानं नाही येत, कपाटाच्या दाराच्या बिजागरीनं येते.

विटा_आणि_वाळू

बिजागरीला तेल नका घालू, प्लायवर डाग पडतात. मेणबत्तीचं मेण लावा.

तांबडा_पांढरा

जुनी गादी काय केली? मला गच्चीवर टाकायला पाहिजे.

रंकाळ्याची_पोर

सासूबाईंनी दिवाणावर घेतली. एकट्याच झोपतात, त्यामुळं उताराच्या वरच्या बाजूला व्यवस्थित आहेत म्हणे.